एक किलो नत्राची किंमत : अहिवारा परिसरातील लहान भातशेतीसाठी सेंद्रिय की नैसर्गिक?

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा हे गाव भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या नंदिनी खाणीमुळे ओळखले जाते. खाणीच्या सभोवतालचा प्रदेश मात्र भाताचा आहे. काळी कन्हार, मध्यम डोरसा, हलकी पिवळसर मटासी आणि मुरमाड भाटा अशा चार नावांनी तेथील शेतकरी आपली जमीन ओळखतात. खरिपात भात आणि त्याच ओलीवर लाखोळी किंवा हरभरा, हाच बहुतेक लहान शेतकऱ्यांचा क्रम. गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांतील बांधीची शेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. तेथील हिशेब म्हणूनच पूर्व विदर्भातील शेतकऱ्यालाही थोड्या फेरफाराने लागू पडतो.

रासायनिक खते सोडू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यासमोर आज दोन नावे ठेवली जातात : सेंद्रिय शेती आणि नैसर्गिक शेती. दोन्ही शब्द सभा-संमेलनांत एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. प्रत्यक्षात दोहोंचे नियम, खर्च आणि दाखले निराळे आहेत. एक-दोन एकरांच्या शेतकऱ्याने निवड चुकविली, तर त्याचा फटका पहिल्याच हंगामात बसतो. हा फरक समजून घेण्याचा सरळ मार्ग म्हणजे दोन्ही पद्धतींना एकच प्रश्न विचारणे : भाताला लागणारे नत्र कुठून येणार, आणि त्याच्या एका किलोला किती रुपये पडणार?

दोन पद्धतींतील सीमारेषा

सेंद्रिय शेतीत कृत्रिम खत व कीटकनाशक निषिद्ध असते, परंतु बाहेरून विकत आणलेली निविष्ठा निषिद्ध नसते. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, जिवाणू संवर्धके, रॉक फॉस्फेट, जिप्सम हे सर्व मान्य यादीत बसते. काही पदार्थ गरज सिद्ध झाल्यास व प्रमाणित करणाऱ्याच्या संमतीने वापरता येतात. जस्तासारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये याच वर्गात मोडतात.

नैसर्गिक शेतीची रेषा अधिक आत ओढलेली आहे. अमरावती जिल्ह्यातील बेलोरा येथील सुभाष पाळेकर यांनी जी मांडणी लोकप्रिय केली, तिच्यात बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा हे चार आधार आहेत. पिकाला लागणारे सर्व काही शेतातून आणि गोठ्यातूनच यावे, विकतचे खत मग ते सेंद्रिय असले तरी नको, अशी ही भूमिका आहे. गांडूळखतालाही पाळेकरांचा विरोध आहे. केंद्र शासनाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाचा पायाही पशुधन आणि स्थानिक निविष्ठा हाच आहे. ज्यांच्याकडे गोठा नाही त्यांच्यासाठी मात्र या अभियानात जैव-निविष्ठा केंद्रांची सोय केलेली आहे. म्हणजे विकत न घेण्याचे तत्त्व व्यवहारात थोडे सैल झाले आहे, हे नमूद करावयास हवे.

जीवामृतात नत्र किती असते?

एका एकरासाठी जीवामृत करताना 200 लिटर पाण्यात 10 किलो ताजे शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो कडधान्याचे पीठ आणि बांधावरची किंवा झाडाखालची मूठभर माती मिसळली जाते. पिंप सावलीत ठेवून त्यावर गोणपाट झाकतात आणि दिवसातून दोन-तीनदा काठीने ढवळतात. दोन दिवसांत ते आंबते आणि त्यानंतर साधारण आठवड्याभरात वापरावे लागते. आंबट-गोडसर वास आला तर आंबवण नीट झाले. कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी आली तर पिंपाला हवा मिळाली नाही असे समजावे. बहुधा झाकण घट्ट बसवलेले असते किंवा ढवळणे चुकलेले असते. असे द्रावण शेतात न टाकता उकिरड्यावर ओतावे. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी वापरल्यासही आंबवण मंदावते, म्हणून ते पाणी आधी दिवसभर उघडे ठेवणे बरे.

आता नत्र मोजून पाहता येईल. दहा किलो ताज्या शेणात सुमारे 40 ते 50 ग्रॅम नत्र असते. दहा लिटर गोमूत्रात साधारण 100 ग्रॅम आणि दोन किलो बेसनात 70 ग्रॅमच्या आसपास. एकूण सुमारे 200 ग्रॅम. हंगामात सहा वेळा जीवामृत दिले तरी एकराला सव्वा किलोपेक्षा अधिक नत्र जात नाही. एकरी दोन क्विंटल घनजीवामृत पेरणीपूर्वी टाकले तर आणखी दोनेक किलोंची भर पडते.

उलट बाजूला भाताची गरज आहे. एक टन भात पिकविताना दाणे आणि तणस मिळून जमिनीतून 15 ते 20 किलो नत्र उचलले जाते. एकरी 18 क्विंटल उत्पादन असेल, तर ही उचल 27 ते 36 किलोंवर जाते. यातील निम्मे जमिनीतील सेंद्रिय पदार्थ कुजून, पावसाच्या पाण्यातून आणि बांधीत वाढणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळातून मिळाले असे धरले, तरी एकरी साडेतेरा ते 18 किलो नत्राची तूट उरतेच.

ही तूट जीवामृत भरून काढत नाही. जीवामृत खत म्हणून काम करीत नाही, ते विरजण म्हणून काम करते. जमिनीत आधीच असलेल्या सेंद्रिय पदार्थांचे विघटन ते जलद करू शकते. दूध नसेल तर विरजण घालून दही लागत नाही, तसेच जमिनीत कुजण्यासारखे काही नसेल तर जीवामृताला काम उरत नाही. नैसर्गिक शेती सुरू करून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पीक पिवळे पडल्याच्या ज्या तक्रारी येतात, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच कारण असते. शेतकऱ्याने जीवामृत नियमाने दिले, पण आच्छादन, द्विदल पीक आणि हिरवळ हे बाकीचे आधार वगळले. भातात आच्छादनाची अडचण विशेषच आहे. पाणी साचलेल्या बांधीत ते टिकत नाही, आणि तणस तर जनावरांच्या वैरणीसाठी आधीच राखून ठेवलेले असते.

सेंद्रिय पद्धतीने तूट भरण्याचा खर्च

युरियाची 45 किलोंची पिशवी 266 रुपये 50 पैशांना मिळते. तीत 20.7 किलो नत्र असते. म्हणजे एका किलो नत्राला सुमारे 13 रुपये पडतात. हा भाव अनुदानामुळे इतका खाली आहे, हे खरे. पण शेतकऱ्याच्या खिशाला तोच लागू होतो.

गांडूळखताचा भाव किलोला 10 रुपये धरला आणि त्यात दीड टक्का नत्र मानले, तर एका किलो नत्राला साडेसहाशे रुपयांहून अधिक पडतात. छत्तीसगडमध्ये 2020 साली सुरू झालेल्या गोधन न्याय योजनेत शेण दोन रुपये किलोने विकत घेऊन त्याचे गांडूळखत दहा रुपये किलोने विकले जात होते, त्यामुळे हा भाव तेथील शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. निंबोळी पेंडीतील नत्रही याहून फारसे स्वस्त नाही. केवळ विकतच्या सेंद्रिय खतावर 15 किलो नत्र भरून काढायचे म्हटले, तर एकरी खर्च आठ-दहा हजारांवर जातो. लहान शेतकऱ्याला सेंद्रिय शेती महाग पडते असे म्हणतात, त्याचे मूळ या खरेदीत आहे.

घरचे शेणखत स्वस्त असते, पण किती असते? दोन लहान देशी जनावरे दिवसाला मिळून बारा किलोंच्या आसपास शेण देतात. कोसली ही छत्तीसगडची गाय अंगाने लहानच आहे. जनावरे चरावयास जातात, काही शेणाच्या गोवऱ्या होतात, आणि निम्मेच उकिरड्यावर पोहोचते. वर्षाअखेर हाती येणारे कुजलेले शेणखत टनाच्या आसपासच भरते. दोन एकरांना वाटले तर एकरी अर्धा टन, म्हणजे अडीच किलो नत्र. त्यातलेही पहिल्या वर्षी पिकाला एक तृतीयांशच मिळते.

मग उरतो तो स्वस्त आणि मोठा स्रोत : हवेतील नत्र. धैंचा हे हिरवळीचे पीक एकरी 8 ते 10 किलो बियाणे लावून 45 ते 50 दिवसांनी, फुले येण्याआधी, चिखलणीच्या वेळी गाडले तर एकराला 20 ते 30 किलो नत्र मिळवून देते. बियाण्याला हजार रुपये धरले तरी एका किलो नत्राला पन्नास रुपयांहून अधिक पडत नाहीत. युरियापेक्षा हे महाग आहे, पण गांडूळखताच्या तुलनेत दहापटीहून स्वस्त आहे. अडचण वेळेची आहे. मृगाच्या पहिल्या पावसावर धैंचा पेरला तर तो जुलैच्या अखेरीस गाडण्यायोग्य होतो, आणि रोवणी तितकी लांबते. पऱ्हे त्यानुसार उशिरा टाकावे लागतात आणि भाताची जात कमी किंवा मध्यम कालावधीची घ्यावी लागते. विहिरीचे किंवा बोअरचे थोडे पाणी असेल तर मे महिन्याच्या अखेरीस पेरणी करून हा पेच सुटतो. पाणी मुळीच नसेल तर धुऱ्यावरील गिरीपुष्पाचा पाला हा दुसरा मार्ग आहे. एक टन ओल्या पाल्यातून सहा-सात किलो नत्र मिळते आणि त्यासाठी हंगामाचा एकही दिवस खर्ची पडत नाही. पाणी साचून राहणाऱ्या खोलगट बांधीत अझोला सोडणे हा तिसरा.

लाखोळीविषयी येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. भात निसवल्यानंतर, कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी, उभ्या पिकात लाखोळी फोकून देण्याची उतेरा पद्धत दुर्ग आणि पूर्व विदर्भ दोन्हीकडे रूढ आहे. ती द्विदल असल्याने जमिनीला नत्र मिळतेच, असे समजले जाते. परंतु लाखोळी मुळासकट उपटून खळ्यावर नेली आणि तिचे कुटार गोठ्यात गेले, तर शेतात फारच थोडे उरते. विळ्याने कापून मुळे जमिनीत ठेवली आणि कुटार खाल्लेल्या जनावरांचे शेण-मूत्र परत शेतात आणले, तरच तो लाभ खरा. कमी विषारी घटक असलेली महातिवडा ही जात रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने दिलेली आहे. खाण्यासाठी लाखोळी घेणाऱ्यांनी तीच निवडावी.

धैंचा, गिरीपुष्प, अझोला, लाखोळी यांतील एकही गोष्ट केवळ सेंद्रिय किंवा केवळ नैसर्गिक नाही. दोन्ही पद्धतींत त्या चालतात. नत्राच्या बाबतीत म्हणूनच दोन पद्धतींतील भांडण जेवढे मोठे दाखविले जाते, तेवढे ते नाही.

जेथे फरक खरोखर पडतो : जस्त आणि स्फुरद

नत्र हवेतून आणता येते. स्फुरद आणि जस्त मात्र हवेत नसतात. अहिवाऱ्याचा प्रदेश चुनखडीच्या खडकावर वसलेला आहे. चुन्याचे प्रमाण अधिक असलेल्या कन्हार जमिनीत जस्त असूनही पिकाला उचलता येत नाही. रोवणीनंतर दोन ते तीन आठवड्यांनी खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके दिसू लागतात, ते एकमेकांत मिसळतात, रोप खुजे राहते आणि बांधीत पिकाची उंची असमान दिसते. हा खैरा. करप्याशी त्याची गल्लत होते. करप्याचे ठिपके होडीच्या आकाराचे असून मध्यभागी राखाडी असतात, खैऱ्यात तसे नसते. नत्राची कमतरता असेल तर ठिपके न पडता जुनी पाने टोकाकडून सारखी पिवळी होत जातात आणि फुटवे कमी येतात. ही तीन चिन्हे वेगळी ओळखता आली, तर निम्मा चुकीचा खर्च वाचतो.

खैरा आढळल्यास सेंद्रिय शेतकऱ्याला माती परीक्षणाचा अहवाल दाखवून, गटाची किंवा प्रमाणन संस्थेची संमती घेऊन झिंक सल्फेट वापरता येते. काटेकोर नैसर्गिक पद्धतीत ही वाट बंद आहे. तेथे शेणखत वाढविणे, बांधीतील पाणी काही दिवस काढून वाफसा आणणे आणि वाट पाहणे एवढेच हाती राहते. ज्या शेताच्या माती अहवालात जस्त कमी दाखविले आहे, तेथे नैसर्गिक शेतीचा निर्णय पुन्हा विचारात घ्यावा, असे स्पष्ट म्हणावे लागते.

स्फुरदासाठी सेंद्रिय पद्धतीत रॉक फॉस्फेट चालते. पण ते आम्लधर्मी जमिनीतच विरघळते. भाटा किंवा आम्लधर्मी मटासी जमिनीत त्याचा उपयोग होईल. चुनखडीयुक्त कन्हार जमिनीत तो पैसा मातीत गेल्यासारखाच आहे. तेथे स्फुरद विरघळविणारे जिवाणू आणि भरपूर कुजलेले शेणखत यांवर भर ठेवणे योग्य. रॉक फॉस्फेट मान्य यादीत आहे म्हणून विकणारा दुकानदार जमिनीचा सामू विचारत नाही. तो शेतकऱ्यानेच पाहावयाचा असतो.

एका एकराचा हिशेब

अहिवाऱ्याजवळ डोरसा जमीन असलेल्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊन पुढील आकडेमोड केली आहे. भाव ढोबळ आहेत. ज्याने त्याने आपल्या गावचे भाव घालून ती पुन्हा करावी.

सध्या एकरी 18 क्विंटल भात येतो. दोन पिशव्या युरिया, एक पिशवी डीएपी आणि थोडे पोटॅश यांवर सुमारे 2,700 रुपये आणि फवारणीवर 1,500 रुपये, असे मिळून 4,200 रुपये खर्च होतात. रसायने सोडल्यास हे 4,200 रुपये वाचतात.

नैसर्गिक पद्धतीत जीवामृताच्या एका पिंपाला गूळ व बेसन मिळून 280 रुपये पडतात. सहा पिंपांना 1,680. धैंच्याचे बियाणे 1,000. एकूण सुमारे 2,700 रुपये. म्हणजे 'शून्य खर्चाची' ही शेतीही शून्यात होत नाही. निव्वळ बचत 1,500 रुपयांचीच राहते. बेसनाऐवजी घरच्या लाखोळीचे पीठ वापरले तर आणखी हजारभर रुपये वाचू शकतात. राष्ट्रीय अभियानातून एकरी वर्षाला 4,000 रुपये, दोन वर्षांपर्यंत आणि एका एकरापुरते मिळाले, तर हाताशी 5,500 रुपये येतात.

छत्तीसगड शासन 2023 च्या हंगामापासून भात 3,100 रुपये क्विंटलने, एकरी 21 क्विंटलपर्यंत विकत घेते. या भावाने 5,500 रुपये म्हणजे पावणेदोन क्विंटल भात. उत्पादनातील घट पावणेदोन क्विंटलांच्या आत राहिली, तर शेतकरी तोट्यात जात नाही. अनुदान संपल्यावर मात्र ही सीमा अर्ध्या क्विंटलवर येते. येथेच खरी परीक्षा आहे : दोन वर्षांच्या आत जमिनीने उत्पादन जवळजवळ पूर्ववत द्यावयास हवे. महाराष्ट्रात 2025-26 साठी भाताचा हमीभाव 2,369 रुपये आहे. त्या भावाने हीच सीमा अनुदानासह सव्वादोन क्विंटलांच्या थोडी पुढे जाते. विक्रीचा भाव जितका चढा, तितकी उत्पादनातील घट महाग पडते, ही या हिशेबातील थोडी चमत्कारिक बाब आहे.

सेंद्रिय पद्धतीत धैंचा 1,000, तीन क्विंटल गांडूळखत 3,000, निंबोळी अर्क व पेंड 1,000 आणि जिवाणू संवर्धके 200 असे 5,200 रुपये लागतात. वाचलेल्या 4,200 रुपयांपेक्षा हे हजाराने अधिक आहेत. परंपरागत कृषी विकास योजनेतून निविष्ठांसाठी हेक्टरी 15,000 रुपये तीन वर्षांत मिळतात, म्हणजे एकरी वर्षाला सुमारे 2,000. ते धरून हजार रुपये शिल्लक राहतात. म्हणजे येथे अवघ्या तीस किलो भाताची घट सोसता येते. सेंद्रिय पद्धतीत पीक अधिक पोसले जाते, घटही कमी असण्याचा संभव आहे. पण चूक करण्यास जागा जवळजवळ नाही. हे टाळण्याचा उपाय म्हणजे गांडूळखत विकत न घेता घरी करणे.

या हिशेबात मजुरी धरलेली नाही. गोमूत्र साठविण्यासाठी गोठ्याला उताराची पक्की जमीन आणि नाली लागते. पिंप ढवळणे, पाला तोडणे, शेण वाहणे ही कामे बहुधा घरातील स्त्रियांच्या वाट्याला येतात. कुटुंबाने निर्णय घेताना हे काम कोण करणार, हे आधी ठरविलेले बरे.

दाखला : कोणता आणि कशासाठी

शासकीय खरेदी केंद्रावर भात नेला तर तो सेंद्रिय आहे की रासायनिक, हे तेथे विचारले जात नाही. भाव एकच. तेथे विकायच्या भातासाठी दाखला काढण्यात आर्थिक अर्थ नाही. दाखल्याला किंमत येते ती विष्णुभोग किंवा दुबराज यांसारख्या सुगंधी भातात, कडधान्यात आणि भाजीपाल्यात. अहिवाऱ्याच्या शेतकऱ्याला नोकरदार वस्तीचे भिलाई शहर जवळ आहे, ही त्याची जमेची बाजू.

दाखल्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम 2001 पासून अपेडामार्फत चालतो. त्यात त्रयस्थ संस्थेचा निरीक्षक येतो. तपासणी शुल्क, प्रवास आणि प्रयोगशाळेचा खर्च शेतकऱ्याला किंवा गटाला सोसावा लागतो. निर्यातीसाठी हाच दाखला लागतो. दोन एकरांच्या शेतकऱ्याने एकट्याने त्याच्या मागे लागू नये.

दुसरा मार्ग पीजीएस-इंडियाचा, म्हणजे सहभागी हमी पद्धतीचा. ही व्यवस्था गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्राकडे आहे आणि त्याचे एक प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे. येथे गावातील किंवा लगतचे किमान पाच शेतकरी गट करतात, प्रतिज्ञापत्र देतात, शेताचा मागील इतिहास लिहितात आणि प्रत्येक हंगामात एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. अमुकाने तमुकाचे आणि तमुकाने अमुकाचेच शेत तपासावे, अशी जोडी लावू नये. फिरती तपासणी ठेवावी. गटाचा निर्णय प्रादेशिक परिषदेकडे जातो आणि तेथून दाखला मिळतो. रूपांतराच्या काळात 'पीजीएस ग्रीन' आणि तो काळ पूर्ण झाल्यावर 'पीजीएस ऑरगॅनिक' अशी दोन चिन्हे आहेत. हंगामी पिकांसाठी रूपांतराचा काळ साधारण दोन वर्षांचा धरला जातो. या मार्गाला पैसे फारसे लागत नाहीत. बैठका आणि नोंदवही यांना वेळ लागतो.

नैसर्गिक शेतीच्या मालासाठीही राष्ट्रीय अभियानात सोप्या प्रमाणीकरणाची आणि समान चिन्हाची तरतूद आहे. परंतु अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमांनी 'सेंद्रिय' म्हणून विकण्यासाठी एनपीओपी आणि पीजीएस-इंडिया हे दोनच दाखले मान्य केले आहेत. शेतकरी स्वतः थेट ग्राहकाला विकत असेल तर लहान उत्पादकाला दाखल्यातून सूट आहे, मात्र पाकिटावर 'जैविक भारत' चिन्ह लावता येत नाही. दुकानदारामार्फत विकायचे ठरले की दाखला लागलाच. नैसर्गिक शेती करणाऱ्याने म्हणूनच सुरुवातीपासून पीजीएस गटात नाव घालून ठेवणे शहाणपणाचे आहे. नैसर्गिक शेतीच्या सर्व निविष्ठा सेंद्रिय नियमांत बसतात. उलटे मात्र नेहमी बसत नाही.

दाखला जातो तो बहुधा फवारणीमुळे नाही, तर पाण्यामुळे. बांधीचे पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरते आणि शेजाऱ्याने टाकलेला युरिया सोबत आणते. अशा शेताला वरच्या बाजूने चर काढून पाणी बाजूला वळवावे लागते किंवा कडेची पट्टी राखून तिचे उत्पन्न वेगळे ठेवावे लागते. वरच्या बांधीचा मालकच गटात असेल तर प्रश्न मुळातून सुटतो. पाच जण निवडताना मैत्रीपेक्षा पाण्याचा उतार पाहावा. दुसरी चूक पोत्यांची : युरियाच्या रिकाम्या पिशवीत भरलेला भात तपासणीत बाद होऊ शकतो. तिसरी मळणी-कापणी यंत्राची. ते शेजारच्या शेतातून थेट आले असेल, तर पहिले पोतेभर धान्य वेगळे काढावे आणि नोंदवहीत तसे लिहावे.

पीजीएसमध्ये कुटुंबाचे संपूर्ण शेत रूपांतरित करणे अपेक्षित असते. दोन एकर एकदम घालण्याचा धोका ज्यांना नको, त्यांनी पहिल्या खरिपात नोंदणी न करता अर्ध्या एकरावर धैंचा व जीवामृत करून पाहावे आणि त्याच बांधीची मळणी वेगळी मोजावी. रूपांतराचा काळ नोंदणीनंतर मोजला जात असल्याने त्यात एक वर्ष जाईल. घट वर सांगितलेल्या सीमेत राहिली, तर पुढच्या वर्षी मृगापूर्वी गटाची पहिली बैठक घेऊन प्रतिज्ञापत्रे भरावीत. त्याआधी एप्रिल-मे महिन्यात, जमीन कोरडी असताना, जस्त, स्फुरद आणि सामू यांसाठी मातीचा नमुना प्रयोगशाळेत गेलेला असावा.